"वेळेचं काही बंधन नाही"

परवा सांगलीहून मामेभावाचा फोन. तो तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. "दादा, हवामान बदलावर एक पीपीटी करून दे की."

म्हटलं, किती स्लाईड्स?

"तुझं तू बघ की. कितीपण चालतील."

ऐकायला कोण आहे?

"सगळेच हायत. पोरं, पालक, संस्थेची माणसं. गावातले पण येतील कोण कोण."

आणि वेळ?

"वेळेचं काही बंधन नाही."

माझ्या पंधरा-सोळा वर्षांच्या नोकरीत ऐकलेलं सर्वात घातक वाक्य कुठलं असेल तर ते हेच. "कालपर्यंत पाहिजे" हे परवडलं, त्यात निदान एक तारीख तरी असते.

सोमवारी ऑफिसात जेवताना हा किस्सा सांगितला तर टेबलावर सरळ दोन तट पडले. पहिला म्हणाला, "मग काय, मोकळं रान आहे, सगळं टाक. जे नको ते तो काढेल." दुसरा आमचा प्रोसेसवाला. तो म्हणाला, "रिक्वायरमेंट लिहून आल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. श्रोते कोण, मिनिटं किती, हे मेलवर घे आणि मग फाईल उघड." मला दोघांचंही पटलं नाही. का पटलं नाही ते जेवणाच्या सुट्टीत सांगून होईना, म्हणून हा शनिवार.

आधी पहिल्याचं बघू. "सगळं टाक" केलं की काय होतं याचा नमुना आयता हाती आला. भावाने संदर्भाला म्हणून एक जुनी फाईल पाठवली, कुणाकडून तरी कुणाकडे फिरत आलेली. ६४ स्लाईड्स. ती उघडली आणि दहावीच्या मराठीच्या पेपराची आठवण झाली. प्रस्तावना, कारणे, परिणाम, उपाय, समारोप! आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हा निबंधाचा साचा इतका घट्ट बसलाय की कुणी मर्यादा घालून दिली नाही की हात आपोआप तिकडे वळतो. कारणांत कारखान्याची धुराडी. परिणामांत हिमनगावर एकटं अस्वल, मग भेगाळलेली जमीन, मग परत दुसरं अस्वल. उपायांत झाडे लावा, दिवे बंद करा.

या साच्याची अडचण अशी की जिथे चित्रं भरपूर मिळतात तिथे तो फुगतो, आणि ऐकणाऱ्याला जिथे खरी शंका असते तिथे घाईने पुढे जातो. त्या फाईलमध्ये परिणामांवर ३१ स्लाईड्स होत्या. हा वाढलेला कार्बन डायऑक्साईड माणसाचाच कशावरून, या प्रश्नावर किती? शून्य. अक्षरशः शून्य. आणि कट्ट्यावर वाद होतो तो नेमका याच प्रश्नावर. अस्वलावर कुणी वाद घालत नाही.

दुसरी अडचण चुकांची. चौसष्ट स्लाईड्स कुणी नीट वाचत नाही, करणारासुद्धा. कारणांमध्ये ओझोनच्या भोकाचं चित्र होतं. (अशी फाईल पारखायची सोपी खूण सांगतो: तापमानवाढीच्या "कारणां"त ओझोनचं भोक दिसलं की करणाऱ्याला विषय कळलेला नाही असं खुशाल समजा. तो प्रश्न वेगळा. ओझोन विरळ झाल्याने अतिनील किरण जास्त येतात. इथे भानगड आहे ती जमिनीकडून परत जाणारी उष्णता अडण्याची.) हे निदान उघड दिसतं. त्याहून वाईट चूक लपलेली होती. एका स्लाईडवर २०२४ साल १.२८ अंशाने जास्त तापलेलं, आणि चार स्लाईड्स पुढे तेच साल १.६० ने. दोन्ही आकडे खरे आहेत! पहिला नासाचा, तो १९५१ ते १९८० च्या सरासरीपासून मोजलेला. दुसरा युरोपच्या कोपर्निकस सेवेचा, तो १८५० ते १९०० पासून मोजलेला. म्हणजे एकाने उंची उंबऱ्यापासून मोजली, दुसऱ्याने रस्त्यापासून. पण कुठून मोजलं हे दोन्ही आलेखांवरून कापलेलं, कारण चित्र चौकटीत मावत नव्हतं. समोर एखादी हुशार सातवीतली मुलगी बसली असेल तर ती उठून विचारणार, सर, नक्की किती? आणि सर घाम पुसणार. त्यानंतर सरांनी काहीही सांगितलं तरी मागच्या बाकांवर खसखस पिकणार.

तेव्हा "सगळं टाक" बाद.

आता प्रोसेसवाला. त्याचं म्हणणं वरवर शहाणपणाचं वाटतं, आणि क्लायंटच्या कामात मीही तेच करतो. पण इथे मेलवर उत्तर कोण देणार? भावाला स्वतःलाच माहीत नाही. त्याला हेडसरांनी सांगितलं, हेडसरांना संस्थेच्या कुणीतरी. पाहुणे उशिरा आले तर दहा मिनिटं, नाही आले तर दीड तास, आणि हे त्याच दिवशी ठरणार. ही माहिती कुणी दडवून ठेवलेली नाहीये, ती अजून जन्मालाच आलेली नाही. तिची वाट बघत बसणं म्हणजे काम न करण्याचं सभ्य नाव.

माझं म्हणणं असं, की मर्यादा दिलेल्या नसल्या तरी विषय काही मोकाट नसतो. त्याला स्वतःची एक साखळी असते. हे कळल्याशिवाय ते कळत नाही, अशी. कोडमध्ये डिपेंडन्सी असते ना, तशीच. हवामान बदलाची साखळी फार लांबसुद्धा नाही. हवेत कार्बन डायऑक्साईड वाढला का? तो आपलाच का? तापमान त्यानेच वाढलं का? आणखी किती वाढेल? आणि मग, माझ्या दारात त्याचं काय? पाच कड्या. रचना तिथेच ठरली. खोली ठरवायची ती कुठल्या कडीवर ऐकणारा हात वर करेल यावरून. आणि वेळ माहीत नसल्याची तजवीज म्हणजे प्रत्येक कडी स्वतःपुरती पुरी असली पाहिजे. तिच्यानंतर कुणी माईक काढून घेतला तरी जे सांगितलं ते अर्धवट लोंबकळता कामा नये.

बोलणं सोपं आहे, म्हणून मी प्रत्यक्ष काय केलं ते सांगतो.

सुरुवातीलाच अडलो. प्रेझेंटेशन सांगलीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. त्याआधी २००५, आणि मग २०२१ ला परत. त्या सभागृहात बसलेल्या निम्म्या घरांत पाणी शिरलेलं असणार. तुम्ही मौना लोआचा आलेख दाखवा नाहीतर अंटार्क्टिकाचा बर्फ, त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न: आमचा पूर यानेच आला का? साखळीप्रमाणे हा प्रश्न शेवटचा. पण तिथवर पोचेपर्यंत वेळ संपला तर? म्हणून तो प्रश्न पहिल्याच स्लाईडवर टाकला आणि खाली दोन वाक्यांत उत्तर: "पाऊस जोरदार होण्यात तापमानवाढीचा हात असू शकतो, पण तेवढ्याने पूर येत नाही. किती हात, हे कसं कळतं ते आता बघू." पेपरात बातमी असते तशी, आधी निष्कर्ष. पुढचं सगळं कापलं गेलं तरी लोक एक खरी गोष्ट घेऊन घरी जातील.

दुसरी स्लाईड, वाढला का. यावर मी मिनिटभरही देत नाही, कारण इथे भांडण नाही. चार्ल्स कीलिंगने १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साईडचे साधारण ३१५ भाग होते. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून मागची आठ लाख वर्षं तपासली, तर आपल्या कारखानदारीच्या आधी हा आकडा कधी ३०० च्या फार पुढे गेलेला दिसत नाही. एक आलेख, संपलं.

तिसरी स्लाईड, आपलाच का. इथे थांबायचं. इथे खोल जायचं. कारण नेहमीचा आक्षेप इथेच येतो आणि तो मूर्खपणाचा नाही: "अहो, समुद्र आणि झाडं मिळून माणसाच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साईड हवेत सोडतात. आपलं त्यात काय?" आक्षेपातली माहिती खरी आहे. निसर्गातून दरवर्षी हवेत जाणारा कार्बन डायऑक्साईड आपल्याहून वीसेक पट भरेल. बहुतेक प्रेझेंटेशनं इथे "शास्त्रज्ञांचं एकमत आहे" एवढं म्हणून सटकतात. सांगलीच्या शेतकऱ्याला एकमत सांगून भागत नाही. त्याला हिशोब पाहिजे.

म्हणून मी त्याला बँकेचं खातं दाखवलं. नवरा-बायकोचं जॉइंट खातं आहे. बायकोचे व्यवहार मोठे, भरतेही लाखांनी आणि काढतेही लाखांनी. नवरा महिन्याला फक्त सव्वापाच हजार भरतो, काढत काहीच नाही. वर्षअखेरीस पासबुक बघितलं तर शिल्लक महिन्याला अडीच हजारांनी वाढलेली. आता सांगा, शिल्लक कुणामुळे वाढली? बायकोचे आकडे कितीही मोठे असू देत, नवऱ्याने भरले त्याच्या निम्मेच शिल्लक राहिले, याचा अर्थ बायकोने भरले त्याहून जास्त काढले. तिच्यामुळे शिल्लक वाढलीच नाही, उलट कमी झाली.

आकडे मुद्दाम तसे घेतलेत. माणसाने कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट करून वर्षाला सोडलेला कार्बन डायऑक्साईड साधारण ३७ अब्ज टन, जंगलतोड वगैरेचा आणखी चारेक अब्ज. मिळून ४१. हवेतलं प्रमाण दहा लाखांत एका भागाने वाढायला साधारण ७.८ अब्ज टन लागतात. ४१ भागिले ७.८ म्हणजे सव्वापाच. म्हणजे निसर्ग गप्प बसला असता तर प्रमाण वर्षाला सव्वापाच भागांनी वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात गेल्या दशकात ते सरासरी अडीचच्या आसपास वाढलं. उरलेलं निम्मं समुद्राने आणि झाडा-मातीने काढून घेतलं. जो दरवर्षी खात्यातून काढतोय त्याच्यावर खातं फुगवल्याचा आळ घेता येत नाही. हा भागाकार सातवीतल्या मुलीलाही फळ्यावर करता येतो, आणि तिने तो स्वतः केला की पुढे माझ्यावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही. या स्लाईडला मी दहा मिनिटं ठेवली. सगळ्या फाईलमधली सर्वात लांब.

(मागे एक जादा स्लाईड ठेवलीय, कुणी चिवट निघाला तर. कार्बनचे हलके आणि जड अणू असतात. झाडं हलके अणू पसंत करतात, आणि कोळसा-तेल म्हणजे जुन्या वनस्पती नि जीवच, म्हणून ते जाळून निघालेल्या वायूत जड कार्बन कमी. हवेतलं जड कार्बनचं प्रमाण तसंच कमी होत चाललंय. शिवाय किरणोत्सारी कार्बन कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात उरलेलाच नसतो, त्यामुळे हवेतला तोही विरळ होतो, हे हान्स झ्यूसने १९५५ मध्येच दाखवलं होतं. छान आहे, पण पासबुकासमोर फिकं. कुणी विचारलं तरच.)

चौथी स्लाईड, तापमान यानेच वाढलं का, की सूर्यच जास्त तापलाय? हा दुसरा हमखास प्रश्न. इथेही मी एकच पुरावा घेतला. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत सगळंच तापायला हवं. कार्बन डायऑक्साईडमुळे असेल तर मात्र खालचा थर तापेल आणि वरचा, पंधरावीस किलोमीटरच्या वरचा, गार होईल. हे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये गणित करून आधीच सांगून ठेवलं होतं, मोजायला उपग्रह नव्हते तेव्हा. १९७९ पासून उपग्रह मोजतायत. खाली तापतंय, वर गार होतंय. (वरच्या थराच्या गारव्यात ओझोन घटण्याचाही बराच वाटा आहे. बघा, ओझोन शेवटी आलाच, पण आपल्या जागी आला. जास्त उंचीवरचा गारवा मात्र मुख्यतः कार्बन डायऑक्साईडचाच.) मानाबेंना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. आधी सांगितलं आणि मग तसं घडलं, याहून मोठा पुरावा मला तरी कुठल्या विषयात माहीत नाही.

पाचवी, किती वाढेल. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो तो खात्रीच्या सुराचा. "२१०० पर्यंत पृथ्वी अमुक अंशांनी तापणार!" असं ठणकावून सांगणारी स्लाईड खोटी असते, कारण ते आपण किती जाळतो यावर अवलंबून आहे. प्रामाणिक प्रश्न असा: कार्बन डायऑक्साईड दुप्पट झाला तर अखेरीस किती? १९७९ मध्ये अमेरिकेतल्या चार्नी समितीने उत्तर दिलं दीड ते साडेचार अंश. २०२१ च्या आयपीसीसीच्या अहवालात बहुधा अडीच ते चार, सर्वात संभाव्य तीन. चाळीस वर्षांत हजारो माणसांनी घाम गाळून पट्टा निम्म्यावर आणला, कारण ढगांचं वागणं अवघड आहे. ही अनिश्चितता दाखवली तर लोक विश्वास ठेवणार नाहीत असं मला एकाने ऐकवलं. माझा अनुभव उलटा आहे. "तीन, पण अडीचही असेल, चारही असेल" म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आपण परत जातो.

याच स्लाईडवर "तीन अंशाने काय होतं, आमच्याकडे दिवसा-रात्रीत पंधराचा फरक असतो" याला उत्तर हवं. उत्तर एका ओळीचं: वीसेक हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेवर किलोमीटरभर जाडीचा आणि त्याहून जास्त बर्फ होता, तेव्हाची पृथ्वीची सरासरी आणि आपल्या कारखान्यांच्या आधीची सरासरी यांतला फरक फक्त पाच-सहा अंश. सरासरीचा अंश हा अंगणातल्या तापमापकाचा अंश नाही.

आणि सहावी, परत पूर. ही करताना माझे दोन शनिवार गेले.

त्या ६४ स्लाईडवाल्या फाईलमध्ये पुराच्या फोटोवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "हवामान बदलाचा फटका". खाली दाखला: मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हा अभ्यास खरा आहे आणि उत्तम आहे. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी, २०१७. १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, तेही एकूण मोसमी पाऊस कमी होत असताना. पण मी नकाशा उघडून बघितला. त्यातला मध्य भारत म्हणजे साधारण १९ ते २६ अक्षांशांमधला पट्टा. सांगली १७ च्याही किंचित खाली. कृष्णेला पाणी येतं ते महाबळेश्वर-कोयनेच्या घाटातून, तोही भाग पट्ट्याबाहेर. म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या माणसाचा एक्स-रे दाखवून आपल्या पायाचं निदान! घाटात तसंच घडत नसेल असं मी म्हणत नाही. मी म्हणतोय की तो अभ्यास याचा पुरावा नाही.

मग काय म्हणता येतं? हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये ०.७ अंशाने वाढलं. गुणाकार केला तर सुमारे पाच टक्के बाष्प. त्याचा अर्थ प्रत्येक पाऊस पाच टक्क्यांनी वाढला असा नाही, एखाद्या जोरदार सरीत जास्त, एखाद्यात कमी. पण वजन कुठल्या बाजूला पडतं ते कळतं. आता दुसऱ्या पारड्यात बघा: घाटात किती दिवस सलग पडला, कोयना आणि इतर धरणं आधीच किती भरलेली होती, पाणी कधी आणि किती सोडलं, नदीकाठी पूररेषेच्या आत किती बांधलं. या चार गोष्टींना "हवामान बदल" या एका शब्दाखाली झाकून टाकलं की सगळ्यांचीच सोय होते. बांधकाम करणाऱ्याची होते, परवानगी देणाऱ्याची होते, धरणाचे दरवाजे सांभाळणाऱ्याची होते. माझा खरा राग इथे आहे. बेजबाबदार स्लाईड ही नुसती शास्त्रीय चूक नसते, ती कुणालातरी मोकळं सोडते. आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना हे लगेच कळतं. त्यांना एकदा तुम्ही पुराबद्दल अर्धवट बोलताना पकडलं की ते तुमचं पासबुक बघायलाही थांबत नाहीत.

म्हणून त्या स्लाईडवर पाच चौकोन काढले: घाटातला पाऊस, धरणातला साठा, विसर्गाची वेळ, पात्र आणि काठावरचं बांधकाम, आणि पाचवा, तापलेली हवा. पाचव्या चौकोनातून बाण फक्त पहिल्याकडे. फोटो एकही नाही.

तर एकूण सहा स्लाईड्स, मागे जादा चार. (त्यातली एक "अमेरिकेने केलं, आम्ही का भोगायचं" यावर. प्रश्न अगदी रास्त आहे, पण एकदा तो सुरू झाला की सभा तिथेच संपते, म्हणून मागे.) सलग बोललं तर पस्तीस मिनिटं. दहाच मिळाली तर पहिली आणि तिसरी, तिसरी जरा उरकून. एकच मिळालं तर पहिली. उपायांची स्लाईड नाही. तो वेगळा विषय आहे, त्याची साखळी वेगळी, आणि शेवटच्या दोन मिनिटांत "झाडे लावा" म्हणून तो उरकणं मला जमलं नाही.

काल रात्री भावाचा फोन आला. कार्यक्रम झाला. "वेळेचं बंधन नाही" म्हणणाऱ्यांनी पाहुणे आल्यावर बाविसाव्या मिनिटाला खूण केली, चौथी स्लाईड नुकतीच संपली होती. तो तिथेच थांबला, आणि थांबवलंय असं कुणाला वाटलं नाही म्हणे. मग प्रश्नोत्तरांत एक आजोबा उठले. "मास्तर, ते कार्बन राहू द्या. आमचं पाणी अलमट्टीनं तुंबलं का नाही ते सांगा." कर्नाटकातल्या त्या धरणावरून सांगलीत काय वाद आहे हे तिथल्या माणसाला सांगायला नको. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरलं नाही, आणि ते अनेकांना आजही पटलेलं नाही. भावाने सरळ सहावी स्लाईड उघडली, पाच चौकोन दाखवले आणि म्हणाला, "आजोबा, तुमचा प्रश्न या तिसऱ्या आणि चौथ्या चौकोनातला हाय. समिती नाही म्हणती, तुमचं म्हणणं येगळं हाय, ते पाण्याच्या पातळ्यांच्या नोंदी काढून बघायला पाहिजे. मी आज बोलतोय ते या पाचव्यावर. त्यानं तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही." आजोबा म्हणाले, "मग बरोबर हाय," आणि बसले. नंतर चहाच्या वेळी त्यांनीच भावाला पासबुकाचं परत समजावून सांगायला लावलं.

हेडसर खूश नाहीत. त्यांचं म्हणणं, चित्रं कमी होती आणि समारोप नव्हता. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या कार्यक्रमात हेच परत करायचंय. भाव म्हणाला, "दादा, थोडं वाढवून दे की. आणि जमलं तर ते ओझोनचं एक भोक घाल, सर विचारत होते."

म्हटलं, वेळ किती आहे?

"काही बंधन नाही."